मदत हवी आहे: स्टील गरजेपेक्षा जास्त दिलं, तरी बीम नापास का?

डोंबिवली_फास्ट: नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये दादरच्या एका निवासी इमारतीतला साधा बीम आहे: २३० बाय ४५० मिमी, एम २५, एफई ५००, कव्हर ३०, रिंग ८ मिमीची. इफेक्टिव्ह डेप्थ ४०२ येते. फॅक्टर्ड मोमेंट ११० किलोन्यूटन-मीटर, म्हणजे मर्यादेच्या १२४ पेक्षा कमी, म्हणून सिंगली रीइन्फोर्स्ड. स्टील ७५१ चौ. मिमी लागतं. मी २० च्या तीन सळ्या दिल्या, म्हणजे ९४२. त्याची क्षमता काढली तर १३१ येते. तरी सरांनी ९४२ भोवती लाल गोल करून वही परत दिली, कारण विचारायच्या आत तास संपला. जास्त दिलंय, कमी नाही. मग अडलं कुठे?

कोकणस्थ_काँक्रीट: काही अडलेलं नाही. आयएस ४५६ मध्ये ताणाच्या बाजूचं स्टील क्षेत्रफळाच्या ४ टक्क्यांपर्यंत चालतं. तुझ्या बीमला ते ४१४० होतं, तू पाव भागही गाठलेला नाहीस. सरांना वायफळ खर्च खुपला असेल.

माहीमकर: ४ टक्के बरोबर, पण ती सळ्यांच्या गर्दीची मर्यादा झाली. इथली अडचण वेगळी आहे. न्यूट्रल ॲक्सिस किती खाली गेला ते बघ:

```
xu     = 0.87 fy Ast / (0.36 fck b)
       = 435 × 942 / (9 × 230) = 198 mm
xu,max = 0.46 × 402 = 185 mm
```

१९८ म्हणजे मर्यादेच्या १३ मिमी खाली. वरच्या काठाचं काँक्रीट ०.००३५ ला चुरडतं, तेव्हा सळीतला स्ट्रेन ०.००३६ च्या आसपास असतो. एफई ५०० ला तो निदान ०.००४२ हवा. म्हणजे सळी पुरती ताणली जायच्या आत काँक्रीट हात टेकतं. तुझं १३१ उत्तर सळीत पूर्ण ४३५ ताण आहे असं धरून आलंय, आणि नेमकं तेच इथे खरं नाही. अशा छेदाच्या नावावर १२४ च्या वर काही मांडायचं नाही.

बीम उद्या पडेल असं नव्हे, ११० तो पेलेलच. पण कधी जादा भार आलाच, तर आधी वाकणं, तळाला भेगा उघडणं ही सूचना नीट मिळणार नाही. म्हणून असा छेद आला तर डिझाइन बदला, असं कोडच्या परिशिष्ट जी मध्ये सांगितलंय.

गिरगाव_ताई: माफ करा, मध्येच विचारते. आमच्या जुन्या इमारतीत गॅलरीच्या बीमचं प्लॅस्टर पडून गंजक्या सळ्या दिसतात. खालून आणखी सळ्या लावून घेतल्या तर हाच धोका होतो का?

माहीमकर: ताई, तो प्रश्न निराळा. तिथे आधी गंजून किती सळी उरली आणि काँक्रीट आतून कसं आहे ते तपासावं लागतं. सोसायटीला सांगून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि तोवर गॅलरीत कुंड्यांचं वजन वाढवू नका.

डोंबिवली_फास्ट: सर, मग मी काय देऊ? १६ च्या तीन देऊन ६०३ च होतात.

माहीमकर: २० च्या दोन कोपऱ्यांत, मध्ये १६ ची एक. ८२९ झालं. न्यूट्रल ॲक्सिस १७४ ला येतो, क्षमता जवळपास ११९. १६ च्या चारही चालतात, ८०४ होतात, पण रिंगच्या आत दोन सळ्यांमध्ये ३० मिमीच फट उरते. २० मिमीच्या खडीला कोड २५ मागतो, त्यामुळे नियमात बसतं. पण व्हायब्रेटरची सुई तिथे उतरवून दाखवा!

कोकणस्थ_काँक्रीट: हे पटलं. पण दादर समुद्राला लागून आहे. किनाऱ्याची हवा धरली तर सीव्हिअर एक्स्पोजर, म्हणजे एम ३० आणि कव्हर ४५. मग मूळ गणितच बदलत नाही का?

माहीमकर: बदलतं, आणि गंमत म्हणजे तिथे याच्या तीन सळ्या पास होतात. डेप्थ ३८७ वर येते, पण काँक्रीट तगडं झाल्यामुळे न्यूट्रल ॲक्सिस १६५ वरच थांबतो, मर्यादा १७८. फक्त घराच्या आतला, खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेला बीम मॉडरेटमध्ये बसतो, असं मी धरतो.

कोकणस्थ_काँक्रीट: मी नाही धरत. मुंबईत खिडक्या बारा महिने उघड्या असतात. आडोसा कसला?

साइट_सुपरवायझर: तुमचं ठरेल ते ठरो, पण एका बीमला दोन मापाच्या सळ्या लिहू नका हो. बारबेंडर १६ आणायचा कंटाळा करतो आणि तिसरीही २० ची टाकतो. वरून म्हणतो, "साहेब, जास्तच दिलंय ना!" कास्टिंगच्या आदल्या रात्री प्रत्येक बीमशी कोण उभं राहणार?

डोंबिवली_फास्ट: म्हणजे साइटवर माझाच बीम तयार होणार! ड्रॉइंगवर "मधली सळी १६ मिमीच, बदलू नये" अशी टीप घालतो. एक्स्पोजरचं उद्या सरांना विचारून इथे लिहितो.