शब्दचर्चा : ‘रक्त घट्ट झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

कोथरूडची सून : माझे सासरे ७१ वर्षांचे. दिवाळीनंतर त्यांचं डोकं सारखं दुखायला लागलं आणि पेपरातल्या ओळी पुसट दिसायला लागल्या. नंबर वाढला असेल म्हणून कर्वे रोडवर नवा चष्मा केला, पण काही फरक पडला नाही. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि एका रात्री नाकातून इतकं आलं की उशीचा अभ्रा भिजला. तपासणीत आयजीएम नावाचं प्रथिन ६८०० निघालं. ते अडीचशेच्या आत असायला हवं. डॉक्टर म्हणाले, “रक्त घट्ट झालंय.”

आम्ही घरी त्याचा अर्थ घेतला की रक्त गोठतंय. दिरांनी ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू केली. तीन दिवस दिली आणि रक्त आणखीच वाहायला लागलं. ही चूक मला अजून टोचते. आता घरच्या सगळ्यांसाठी आजाराची माहिती मराठीत लिहून ठेवतेय. शब्द कोणता वापरू? घट्ट, दाट, चिकट, की कोशातला श्यान?

पेठेतले मास्तर : यात चर्चेला जागा नाही. मराठी विश्वकोशातला शब्द आहे श्यानता. संस्कृतातल्या श्यै धातूवरून आलेला, शुद्ध आणि नेमका. तुमच्या सासऱ्यांना झाली ती अतिश्यानता.

लॅबताई : मास्तर, पदार्थविज्ञानात श्यानता बरोबरच आहे. पण श्यान याचा मूळ अर्थच थिजलेला, साखळलेला. ज्या गैरसमजातून अ‍ॅस्पिरिन दिली गेली, तो तुमच्या शब्दाच्या पोटातच बसलाय. घरच्यांसाठी तरी हा शब्द नको.

मी १८ वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. असं सीरम, म्हणजे पेशी बाजूला काढल्यावर उरलेलं रक्तातलं पाणी, पिपेटने उचललं की टोकाशी थेंब तुटत नाही, पाकासारखी तार धरतो. काचपट्टीवर तांबड्या पेशी सुट्या दिसत नाहीत, नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसलेल्या दिसतात. पण नळीत गुठळी मात्र नसते. वाहतंय सगळं, फक्त जड वाहतंय.

निगडीकर : मलाही हेच झालं होतं. हिमोग्लोबिन १९ वर गेलं, डॉक्टर म्हणाले रक्त घट्ट आहे. दर महिन्याला एक बाटली रक्त काढायचे आणि अ‍ॅस्पिरिनही द्यायचे. मी ठणठणीत आहे. ताई, तुम्ही गोळी उगाच बंद केलीत.

लॅबताई : निगडीकर, तुमचा आजार वेगळा. तुमच्यात तांबड्या पेशी जास्त होत्या, म्हणून रक्त काढून चाललं, आणि त्या आजारात गुठळीचा धोका असतो म्हणून अ‍ॅस्पिरिन. यांच्या सासऱ्यांच्या पेशी उलट कमीच असणार. ताई, हिमोग्लोबिन किती होतं?

कोथरूडची सून : ८.४. आणि प्लेटलेट १ लाख ९० हजार, म्हणजे पुरेशा. तरी रक्त का थांबत नव्हतं, हे मला कळलेलं नाही. आम्ही तर रक्ताची बाटली चढवा म्हणून मागे लागलो होतो, त्यांनी ठाम नकार दिला.

लॅबताई : नकार दिला ते योग्यच केलं. प्लाझ्मा, म्हणजे ज्यात पेशी तरंगतात तो रक्ताचा द्रव भाग, आधीच जड, त्यात तांबड्या पेशी ओतल्या तर डोळ्यातल्या आणि मेंदूतल्या बारीक शिरांत प्रवाह आणखी मंदावतो. आधी प्रथिन उपसायचं, मग गरज उरली तर रक्त.

रक्त का थांबत नव्हतं, तर हे आयजीएम प्लेटलेटवर थरासारखं बसतं. संख्या पुरेशी, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. गुठळीचं जाळं विणायच्या कामातही ते आडवं येतं. शिवाय तुंबून ताणलेल्या बारीक शिरा नाकात नि हिरड्यांत सहज फुटतात. त्यात अ‍ॅस्पिरिन गेली, म्हणजे उरलीसुरली पकडही सुटली. यान वाल्डनस्ट्रॉम या स्वीडिश डॉक्टरांनी १९४४ मध्ये हा आजार, वाल्डनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया, पहिल्यांदा मांडला, तेव्हाही रुग्णांच्या नाकातोंडातून रक्त येत होतं.

भाषांतरवाली : मला वाटतं दोष ‘घट्ट’चा नाहीच, ‘पातळ’चा आहे. घट्ट वरण आणि दाट वरण आपण दोन्ही म्हणतो, दोन्हीच्या उलट पातळ. आणि गोळीलाही आपण ‘रक्त पातळ करणारी’च म्हणतो. मग घट्ट झालेल्याला पातळ करायची गोळी, हे सरळ मराठी गणित आहे. तुमच्या दिरांनी भाषेवर विश्वास ठेवला, बिचाऱ्यांचा काय दोष?

लॅबताई : अगदी मुळावर बोट ठेवलंत. त्या गोळीने रक्त पातळ होतच नाही! गुठळी व्हायची क्रिया मंदावते, एवढंच. सीरमचा जडपणा होता तेवढाच राहतो. पाण्याचा जडपणा १ धरला तर निरोगी सीरमचा १.४ ते १.८ असतो. बहुतेकांना त्रास ४ च्या पुढे सुरू होतो, तरी प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. अ‍ॅस्पिरिन कितीही दिली तरी तो आकडा हलणार नाही. तिला ‘गुठळीरोधक गोळी’ म्हणायला हवं.

कोथरूडची सून : यांचा ५.६ होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो दाखवला. शिरा फुगलेल्या आणि मध्येमध्ये आवळलेल्या, भुईमुगाच्या शेंगा ओळीने मांडाव्यात तशा. बाजूला रक्ताचे लाल फराटे. चष्म्याने काय होणार होतं?

मग प्लाझ्मा बदलला. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, पेशी परत यायच्या आणि पिवळा प्लाझ्मा पिशवीत साठायचा. त्याच्या जागी अल्ब्युमिन. पहिल्या बैठकीनंतर आयजीएम ३६०० वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मथळाच नाही, छोट्या जाहिरातीही वाचल्या. पण ३६०० तरी अडीचशेच्या किती वर आहे! मग इतका आराम कसा?

लॅबताई : प्रथिन आणि जडपणा एका मापाने चढत नाहीत. वरच्या टोकाला थोडं प्रथिन वाढलं की जडपणा एकदम उसळतो, म्हणून उतरतानाही लवकर सुटका होते. पाक आटवताना शेवटची दोन मिनिटं आठवा. आणि आयजीएम आकाराने प्रचंड, पाच जुळे तुकडे एकत्र बांधलेला रेणू. साधारण ८० टक्के रक्तवाहिन्यांतच राहतो, म्हणून असा उपसता येतो. मात्र ते तयार करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत तशाच आहेत. औषध लागू पडलं नाही तर काही आठवड्यांत पुन्हा भरेल. रिटक्सिमॅब नावाचं औषध देणार असतील तर सुरुवातीला आयजीएम उलट उसळू शकतं, म्हणून अशा वेळी आधी प्लाझ्मा बदलून घेतात. डोकेदुखी किंवा अंधुकपणा परतला तर पुढच्या रिपोर्टची वाट पाहू नका.

भाषांतरवाली : मग शब्द ‘दाट’ घ्या. घट्ट दह्याचं भांडं उपडं केलं तरी पडत नाही. दाट आमटी पडते, सावकाश. ‘प्लाझ्मा दाटलाय’ असं लिहा, रक्त हा शब्दच काढून टाका.

पेठेतले मास्तर : श्यानचा मूळ अर्थ थिजलेला, हे मान्य. पण दाट म्हणजे घनताही होते, आणि घनता निराळी राशी आहे. मध पाण्यापेक्षा दीडपटीच्या आतच जड, पण वाहायला हजारो पटींनी नाखूश. तो फरक ‘दाट’मध्ये हरवतो. पाठ्यपुस्तकात मी श्यानताच ठेवीन.

निगडीकर : आमच्याकडे ‘चिकट’ म्हणतात.

लॅबताई : चिकट म्हटलं की ‘चिकटून गुठळी झाली’ असंच ऐकू येतं, निगडीकर.

कोथरूडची सून : फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : “प्लाझ्मा दाटला आहे. रक्त गोठलेलं नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. रक्त चढवण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना फोन करावा.” बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “दाटलाय काय, पाक झालाय म्हण. दोनतारी.” दिरांना ते लगेच कळलं.