दीपगृहाने तुम्हाला कधी वाट दाखवलीय का? अनुभव सांगा

संध्याछाया: काल भाचा चित्र काढताना म्हणाला, दिवा जहाजाला रस्ता कसा दाखवतो गं? मीही लहानपणी रात्रीच्या फेरीबोटीत एका म्हाताऱ्या खलाशाला हेच विचारलं होतं. तेव्हा माझा बॉयकट, त्याने मला मुलगाच समजला. म्हणाला, "पोरा, तो रस्ता नाही दाखवत, स्वतःचं नाव सांगतो. मोज." मी मोजलं. दोन लखलखाट, मग अंधार, पुन्हा दोन. पहिल्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंत दहा सेकंद. त्याने नकाशा उघडला, एका दिव्याशेजारी तेच छापलेलं. लांबचा दुसरा दिवा पाच सेकंदांनी एकदाच चमकत होता, तोही सापडला. मग होकायंत्रातून दोघांच्या दिशा घेऊन त्याने नकाशावर प्रत्येक दिव्यातून एक रेघ ओढली. रेघा छेदल्या तिथे बोट ठेवून म्हणाला, "आपण इथं."

गण्या७७: म्हणजे आत माणूस बसून बटण दाबतो, चालू-बंद चालू-बंद 😄

तांडेलपुत्र: नाही हो. जुन्या दीपगृहात दिवा सतत पेटलेला असतो, भिंगं फिरतात. झोत तुमच्यावरून गेला की तो क्षण चमकतो. आणि ताई, मोजणी बरोबर सांगितलीत. नवखे शेवटच्या लखलखाटापासून मोजतात, आकडा कमी येतो आणि भलताच दिवा ओळखला जातो.

गण्या७७: पण मी पाहिलेला खरंच बंद व्हायचा!

तांडेलपुत्र: एलईडीचा असेल, ते होतात.

मृदुला_के: बोट लागण्यावर काय घेता? मला तर दिवा दिसायच्या आधीच पिशवी लागते.

संध्याछाया: आलं चघळ 😀

निवांत: दिवा जितका प्रखर तितका लांबून दिसतो, एवढं साधं आहे.

तांडेलपुत्र: अर्धं खरं. पृथ्वी गोल आहे ना, उंची हवीच. दिवा समुद्रापासून 36 मीटरवर आणि तुमचे डोळे 4 मीटरवर असतील तर साधारण साडेसोळा सागरी मैलांवर तो क्षितिजावर येतो. त्याआधी नुसती प्रभा आभाळात फिरताना दिसते. बाबा त्यावरूनच सांगायचे, आता येईल. धुक्यात मात्र सगळं गणित बोंबलतं.

शुभांगी_म: आमच्या मचव्यावर दिवा पांढरा होता तो अचानक लाल झाला, नवरा म्हणाला बल्ब बिघडला. तांडेलाने काही न बोलता सुकाणू वळवलं. लाल काच खडकांच्या बाजूला लावलेली असते म्हणे, लाल दिसला तर तुम्ही त्या पट्ट्यात आहात. पांढरा परत दिसेस्तोवर माझा हात त्याच्या शर्टाला घट्ट.

निवांत: आता जीपीएस असताना कोण मोजतं?

तांडेलपुत्र: जीपीएस बंद पडतं तेव्हा मोजतात.

निवांत: किनाऱ्यावरच्या हॅलोजनमध्ये दिवा सापडला तर ना!

मृदुला_के: आलं कच्चं की वाळवलेलं गं?