मदत हवी आहे: सपोझिटरी शीबरोबर बाहेर आली, परत घालू का?

बाळ 9 महिन्यांचं, वजन 8 किलो, रात्रीपासून 102 ताप आणि सिरप दिलं की लगेच उलटी, म्हणून डॉक्टरांनी पॅरासिटामॉलची सपोझिटरी सांगितली, किलोला 10 ते 15 मिग्रॅ म्हणजे 80 ते 120. इथे भांडुपला मेडिकलवाला म्हणतो 170 ची अर्धी कापा, पण दोन्ही तुकड्यांत औषध सारखं असेलच असं नाही ना, म्हणून शोधून 80 ची आणली. घातली आणि वीस मिनिटांत शी, त्यात अर्धवट विरघळलेली गोळी! खालून दिलेलं तसंही हळू आणि कमीजास्त शोषलं जातं, त्यामुळे आत किती गेलं काय कळणार. लगेच दुसरी घातली तर डोस जास्त होईल का, की 6 तास थांबू? डॉक्टर फोन उचलत नाहीयेत, कोणी नर्स किंवा बालरोगवाले आहेत का इथे?