मदत हवी आहे: बायकोला लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाचा मेसेज

रविवारी आमच्या लग्नाला वर्ष होतंय. गोव्यात म्हापशाला लग्नाच्या नोंदणीची दुसरी, म्हणजे लग्न पक्कं करणारी सही केली, तेव्हा दोन्ही घरचं कुणीच नव्हतं, साक्षीदार मित्रच. गणेश चवथीपासून सासूबाई बोलतात, सासरे अजून नाही.

चार ओळी हव्यात. शायरी नको, ती हसेल. आधी लिहिलं, ‘सगळे विरोधात असताना तू हात सोडला नाहीस.’ तो वडिलांवर ठपकाच वाटला. विरोध गाळला, तर मजकूर कुणाच्याही लग्नाला चालेल असा झाला. मग लिहिलं, ‘सही करताना तुझा हात थरथरत होता, तरी अक्षर वळणदार आलं.’ हे ठेवतोय.

मेसेज ती आईला दाखवणारच. मग तिनं वर्षभर सोसलेला माहेरचा अबोला, कुणाला दोष न देता, पुढच्या ओळीत कसा मांडू?