सुमनमावशीच्या इंजेक्शनचं पत्र

मिलिंद: आईचं संधिवातावरचं अडालिमुमॅब इंजेक्शन विमा कंपनीने नाकारलं. कारण दोन ओळींत दिलंय: "आधीचे उपचार पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ दिल्याचे दिसत नाही. टोफासिटिनिब या कमी खर्चाच्या गोळीचा पर्याय का नाही, याचा उल्लेख नाही." आपलं पत्र तर चांगलं दीड पानी होतं.

अश्विनीताई: ते पत्र टाक इथे.

मिलिंद: मुख्य भाग असा होता: "रुग्ण अनेक वर्षे तीव्र संधिवाताने त्रस्त आहे. सर्व उपलब्ध औषधे देऊनही गुण नाही. दैनंदिन जीवन ठप्प झाले आहे. आधुनिक उपचार अत्यावश्यक असून सहानुभूतीने विचार व्हावा."

नंदूमामा: यात खोटं काय आहे? सुमनला सकाळी नळ फिरवता येत नाही. मनगटाने ढकलून उघडते ती.

अश्विनीताई: खोटं काहीच नाही मामा. पण अशी पत्रं तपासायचं काम मी सहा वर्षं केलंय. समोरच्या डॉक्टरला मावशी दिसत नाही, कागद दिसतो. "सर्व औषधे" वाचलं की तो विचारतो, कोणती? किती मात्रेत? किती आठवडे? का थांबवली? उत्तर मिळालं नाही की तो "दिसत नाही" लिहितो. म्हणजे उपचार झाले नाहीत असं तो म्हणत नाहीये, पुरावा सापडला नाही एवढंच म्हणतोय. तुमचं नळाचं वाक्य मात्र ठेवूया. "दैनंदिन जीवन ठप्प" यापेक्षा ते खूप काही सांगतं.

मिलिंद: मी काल रात्री नवीन पत्र लिहायला घेतलं. सुरुवात अशी: "मेथोट्रेक्सेट 25 मिग्रॅ दर आठवड्याला, सहा महिने, उपयोग नाही."

अश्विनीताई: 25 कुठून आलं? मावशीच्या फाइलमधल्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो टाक.

मिलिंद: टाकले. 25 ही जास्तीत जास्त मात्रा असते असं वाचलं होतं, म्हणून वाटलं…

अश्विनीताई: बघितले. 10 ने सुरुवात, आठ आठवड्यांत 20 पर्यंत वाढ, 20 वर दहा आठवडे. मग यकृताच्या तपासणीत एसजीपीटी 138 आलंय, त्या लॅबची वरची मर्यादा 40. तिपटीहून जास्त. डॉक्टरांनी औषध दोन आठवडे थांबवलं, एसजीपीटी 38 वर आल्यावर 15 वर पुन्हा सुरू केलं. 25 कधी दिलंच नाही.

मिलिंद, हे नीट समजून घे. पत्रात 25 आणि चिठ्ठीत 20 दिसलं की तपासणारा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. आणि खरी हकिगत तुझ्या वाक्यापेक्षा भक्कम आहे. मात्रा का वाढवली नाही? यकृताला सोसली नाही म्हणून. त्याचा लॅब रिपोर्ट आपल्याकडे आहे. कंपनीच्या "पुरेशा मात्रेत नाही" या आक्षेपाला नेमकं हेच उत्तर लागतं.

रेवतीवहिनी: आणि त्रास अजून तेवढाच आहे, हे कसं दाखवायचं?

अश्विनीताई: डीएएस 28 गुणांकाने. 28 सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, शरीरातला दाह दाखवणारी रक्तातली ईएसआर किती आणि रुग्ण स्वतःचा त्रास 100 पैकी किती सांगतो, या चार गोष्टींवरून तो निघतो. 5.1 च्या वर म्हणजे आजार जोरात. मावशीच्या नोंदी आहेत. उपचारांआधी दुखरे 14, सुजलेले 11, ईएसआर 56, त्रास 70, गुणांक 6.8. आता 9, 8, 44, 60, गुणांक 6.0.

पत्रात नुसतं 6.0 लिहायचं नाही, चारही आकडे जोडायचे. मग समोरचा स्वतः गणित करून बघू शकतो. गुणांक 0.8 ने उतरला हेही लपवायचं नाही. युलार या युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषांनुसार घट 1.2 हून कमी आणि गुणांक अजून 5.1 च्या वर, म्हणजे प्रतिसाद नाही असंच धरतात.

मिलिंद: आणि टोफासिटिनिबचं?

अश्विनीताई: मावशीचं वय 66, चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक, स्टेंट बसवलाय. 50 च्या पुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. टोफासिटिनिबची तुलना टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनांशी केली होती, निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांत हृदयाच्या मोठ्या घटना आणि कर्करोग जास्त आढळले.

पण आपण मागतोय ते अडालिमुमॅब हे टीएनएफ रोखणारंच इंजेक्शन, आणि हार्ट फेल्युअर असेल तर तेही जपून द्यावं लागतं, तीव्र असेल तर टाळतात. हृदयाचं कारण आपणच पुढे केल्यावर तो प्रश्न येणारच. म्हणून इकोचा रिपोर्ट आधीच जोडायचा, पंपिंग 55 टक्के.

नंदूमामा: बरं, आता लिही बाई सगळं एकत्र.

अश्विनीताई: मसुदा देते. सही उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीच. त्यांनी ओळन् ओळ फाइलशी ताडून मगच सही करायची. प्रत्येक नोंदीची तारीख मिलिंदने भरायची.

"विषय: नाकारलेल्या उपचाराचा फेरविचार.
मागणी: अडालिमुमॅब 40 मिग्रॅ, त्वचेखाली, दर दोन आठवड्यांनी, 24 आठवडे. बायोसिमिलर चालेल.
निदान: ऱ्हुमॅटॉइड संधिवात. अँटी-सीसीपी 200 हून जास्त, मर्यादा 20 (जोडपत्र 1). एक्स-रेत उजव्या हाताच्या दोन सांध्यांजवळ हाडाची झीज (जोडपत्र 2).
आधीचे उपचार: मेथोट्रेक्सेट आठवड्याला 20 मिग्रॅपर्यंत, त्या मात्रेवर दहा आठवडे, एसजीपीटी 138 झाल्याने थांबवून 15 मिग्रॅवर पुन्हा सुरू (जोडपत्र 3, 4). त्याच्या जोडीला सल्फासॅलाझिन रोज 2 ग्रॅम व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज 200 मिग्रॅ, 16 आठवडे (जोडपत्र 5).
सद्यस्थिती: डीएएस 28 उपचारांपूर्वी 6.8, आता 6.0, चारही घटक जोडपत्र 6 मध्ये. रुग्णाला बोटांनी नळ उघडता येत नाही.
टोफासिटिनिब का नाही: वय 66, पूर्वी हृदयविकाराचा झटका व स्टेंट (जोडपत्र 7). हार्ट फेल्युअर नाही, इको 55 टक्के (जोडपत्र 8).
सुरक्षितता: क्षयाची इग्रा चाचणी व हिपॅटायटिस बी, दोन्ही निगेटिव्ह (जोडपत्र 9).
पुढे: 12 आठवड्यांनी गुणांक पुन्हा काढू. घट 1.2 हून कमी असल्यास हे औषध बंद करू."

रेवतीवहिनी: शेवटची ओळ वाचून धस्स झालं. बंद करू असं आपणच लिहून द्यायचं?

अश्विनीताई: वहिनी, उपयोग झाला नाही तर डॉक्टर ते तसंही बदलणारच. संसर्गाचा धोका वाढवणारं औषध उगाच कोण चालू ठेवेल? आणि आपण कायमची परवानगी मागत नाही, हे त्यातून कंपनीला कळतं.

नंदूमामा: सुमन किती सोशिक आहे, यावर एक परिच्छेद हवा होता.

अश्विनीताई: मलाही तो लिहावासा वाटला मामा. पण त्या परिच्छेदाला जोडपत्र नाही, आणि वाचणाऱ्याची नजर एसजीपीटीच्या ओळीवरून हटेल.

मिलिंद: आत्ताच डॉक्टरांकडून आलो. त्यांनी एकच ओळ अडवली. इग्राचा रिपोर्ट अकरा महिन्यांपूर्वीचा आहे, तो नव्याने करा म्हणाले. निकाल आला की सही करतील.

अश्विनीताई: बरोबर आहे त्यांचं. माझ्या नजरेतून तारीख सुटली. निकाल येईपर्यंत जोडपत्र 9 ची ओळ कोरी ठेव.

सुमनमावशी: सगळं वाचलं ग. रक्त उद्या सकाळीच देऊन येते. उपाशी जायचं का?

अश्विनीताई: नाही मावशी, याला उपाशी राहावं लागत नाही. खाऊन जा.