नाइन बॉक्समधली 'क्षमता' ठरवायची कशावरून?

उद्यमबागकर: आमच्या फाउंड्रीत यंदा नाइन बॉक्स आणलाय, म्हणजे माणसांना नऊ चौकटींत बसवायचा तक्ता. एका बाजूला कामगिरी, दुसऱ्या बाजूला क्षमता. मोल्डिंगचा एक सुपरवायझर आहे, खानापूरकडचा. कास्टिंगला ब्लोहोल पडत होते, तेव्हा त्यानं दर पाळीला वाळूचा ओलावा तपासायला लावून रिजेक्शन खाली आणलं. त्याला कामगिरी वरची दिली, क्षमता खालची. कारण काय, तर 'रिव्ह्यू मीटिंगमध्ये गप्प असतो.' मीटिंग चालते इंग्रजीत! हा तक्ता बंदच करावा असं माझं मत आहे.

हिंडलगा_एचआर: बंद कशाला ओ? आधी बढती एकट्या साहेबांच्या मर्जीवर व्हायची. आता सगळी नावं एका कागदावर येतात, दुसऱ्या खात्याचा मॅनेजर प्रश्न विचारू शकतो. आणि पुढच्या पदावर इंग्रजीत ग्राहकाशी बोलावंच लागतं, त्याचं काय?

निपाणीची_मुलगी: मला मधल्या चौकटीत टाकलं आणि पगारवाढ कापली. हा तक्ता पगारासाठीच असतो ना?

सांबरा_निवृत्त: नाही ताई. पगारवाढ झालेल्या कामावर ठरावी. हा तक्ता पुढे कुणाला कशासाठी तयार करायचं ते बघायला आहे. मुळात अशी चौकट १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकसाठी मॅकिन्झीनं कंपनीचे वेगवेगळे धंदे तोलायला केली होती, माणसं त्यात नंतर आली.

उद्यमबागकर, तुमच्या सुपरवायझरला गुण देताना झालेली चूक फार सरळ दिसते. कुणी न सांगता त्यानं कारण शोधलं, उपाय दुसऱ्या पाळ्यांनाही लावला. नवखा प्रश्न सोडवणं आणि इतरांना शिकवणं हाच क्षमतेचा पुरावा, पण तुमच्याकडे तो फक्त कामगिरीत मोजला गेला. क्षमतेच्या रकान्यात उरला साहेबांचा अंदाज. म्हणून आधी ठरवा, क्षमता कोणत्या पदासाठी? मग प्रत्येक नावापुढे घडलेला एक प्रसंग लिहायला लावा. प्रसंग सुचत नसेल तर तो रकाना रिकामा राहू दे. इंग्रजी कमी असेल तर 'प्रशिक्षण हवं' असं लिहा. ती शिकता येते.

बेन्सन, ली आणि शू या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान साखळीची माहिती तपासली. तिथं बायकांना कामगिरीत सरासरी जास्त गुण होते, क्षमतेत कमी. क्षमतेचे गुण सारखे असलेल्या पुरुषांपेक्षा पुढं बायकांचंच काम सरस ठरलं.

हिंडलगा_एचआर: प्रसंगाचं पटलं. पण दीडशे माणसांसाठी लिहिणार कोण? आमचे मॅनेजर एका दुपारी सगळं भरून देतात.

सांबरा_निवृत्त: मग सगळ्यांना बसवूच नका. ज्या पदांसाठी माणूस लागणार आहे, तेवढ्यांचंच करा. एका दुपारी दोन्ही गुण दिले की ज्याची कामगिरी चांगली त्याची क्षमताही चांगली असंच भरलं जातं. बहुतेक नावं कर्णरेषेवर दिसली की समजा, क्षमता कुणी वेगळी तपासलेलीच नाही.

निपाणीची_मुलगी: चौकट माणसाला सांगायची की नाही? मला दुसऱ्याकडून कळली.

हिंडलगा_एचआर: सांगू नये. शिक्का बसतो, माणूस खचतो.

सांबरा_निवृत्त: शिक्का न सांगताही बसतो. चौकटीचं नाव राहू दे, पण कशात कमी पडलं आणि त्यावर काय करणार, एवढं तोंडावर सांगायलाच हवं.

उद्यमबागकर: आमच्याकडे तेही सांगत नाहीत. त्याचा प्रसंग लिहून मी मॅनेजरांकडे देतो. तक्ता नकोच, हे मत मात्र अजून बदललेलं नाही.