‘बहिर्जात धरायचं का?’ : टीएला नेमकं काय विचारू?

कोरी वही: प्रश्नसंचातल्या एका गणितासाठी टीए मॅडमना मेल करायचा आहे. मागणी आणि पुरवठा असे दिलेत:

```
Q = 100 - 2P + u
Q = 10 + P + 3R
```

Q मालाचं प्रमाण, P किंमत, R पाऊस, u मागणीतले न दिसणारे चढउतार. ‘सर्व चलं बहिर्जात धरायची का?’ एवढंच लिहिलं तर चालेल?

तिसरा बाक: विचारायची गरजच नाही. समीकरणात उजवीकडे असतं ते बहिर्जात, डावीकडचं अंतर्जात.

जुना अभ्यासक: R बद्दल तुमचं उत्तर बरोबर येईल, P बद्दल चुकेल. P दोन्ही समीकरणांत उजवीकडे आहे, तरी ती ठरते या समीकरणांच्या आतच, म्हणजे ती अंतर्जात. दोन्ही Q समान ठेवून सोडवा:

```
P = 30 - R + u/3
```

P मध्ये u शिरलाच आहे. u 3 ने वाढला, पाऊस तोच राहिला, तर किंमत 1 ने वाढते आणि विकला गेलेला मालही 1 ने वाढतो. अशाच नोंदींवर रेषा बसवली तर उतार +1 येईल. तो पुरवठ्याचा उतार आहे. मागणीचा खरा उतार -2 असूनही त्या आकड्यांत तो दिसणार नाही. पाऊस बदलला की पुरवठ्याची रेषा सरकते, तेव्हाच मागणीची रेषा हाती लागते.

सकाळपाळी: आमच्याकडे बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनला एक्झोजिनस, म्हणजे बहिर्जात, म्हणतात आणि शरीरानं बनवलेल्याला एंडोजिनस, म्हणजे अंतर्जात. म्हणजे जे आपण बाहेरून देतो ते, असंच ना?

जुना अभ्यासक: जीवशास्त्रात ते पुरतं. इथे चलाचं मूल्य बाहेरून आलं एवढ्यावर भागत नाही, u शी त्याचा संबंध नाही हेही लागतं. पाऊस बाजारभावाकडे बघून पडत नाही. पण पावसामुळे गिऱ्हाईकच घराबाहेर पडलं नाही तर? मग पाऊस मागणीतही शिरला.

तिसरा बाक: पण गणितात पाऊस फक्त पुरवठ्यात दिलाय. दिलंय तेच धरायचं.

जुना अभ्यासक: कागदावरच्या गणितात, हो. खऱ्या आकड्यांवर काम असेल तर मी एवढ्यावर थांबणार नाही. म्हणून मेलमध्ये ‘सर्व चलं’ लिहू नका. कोणतं चल, कोणत्या समीकरणात, आणि तुम्हाला काय वाटतं, हे लिहा.

कोरी वही: मग असं लिहिते: ‘नमस्कार मॅडम, P मध्ये u येतो, म्हणून मागणीच्या समीकरणात ती अंतर्जात धरली आहे. R बहिर्जात धरताना पावसाचा मागणीवर परिणाम नाही असं गृहीत धरायचं का? गणितात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही.’

जुना अभ्यासक: पाठवा. ‘आहे का’ न लिहिता ‘धरायचं का’ लिहिलंत ते योग्यच. R आणि u चा संबंध नाही हे या आकड्यांतून सिद्ध होत नाही, ते धरावंच लागतं.

तिसरा बाक: मला अजूनही ते गणितात दिल्यासारखंच वाटतं. उत्तर आलं की इथे टाका.